दिवा लागताच झुरळे नेमकी कुठे जातात? एका स्वयंपाकघराचे प्रकरण

ओळखीच्या एका कुटुंबाची तक्रार साधी होती. मध्यरात्री पाणी प्यायला कोणी उठले आणि स्वयंपाकघराचे बटण दाबले की ओट्यावरची झुरळे क्षणात पांगतात आणि चप्पल हातात येईपर्यंत एकही दिसत नाही. झुरळांना उजेडाची भीती वाटते, असा निष्कर्ष काढून घरातल्यांनी रात्रभर एक लहान दिवा चालू ठेवायला सुरुवात केली. पहिले काही दिवस ओटा मोकळा दिसला. दोन आठवड्यांनी त्याच दिव्याच्या उजेडात झुरळे पुन्हा फिरू लागली, आणि मोठा दिवा लावला की पूर्वीसारखीच पळू लागली. उजेडाला घाबरणारा प्राणी उजेडातच कसा काय फिरतो, या प्रश्नापासून हे प्रकरण सुरू झाले.

खोली लहान होती. एका भिंतीला ओटा, ओट्याच्या टोकाला सिंक आणि समोरच्या भिंतीला फ्रिज. झुरळे बहुतेक लहान, फिकट तपकिरी, सव्वा ते दीड सेंटिमीटर लांबीची, डोक्यामागे दोन गडद उभ्या पट्ट्या असलेली, म्हणजे जर्मन झुरळे होती. एखाद्या रात्री सिंकखालच्या नळीकडून साडेतीन-चार सेंटिमीटरचे लालसर अमेरिकन झुरळ येत असे. ही नावे प्रजातींची आहेत, त्यांचा त्या देशांच्या मालकीशी संबंध नाही. प्रयोगशाळेतला झुरळाच्या दृष्टीचा आणि पळण्याचा अभ्यास मुख्यतः या मोठ्या प्रजातीवर झालेला आहे, त्यामुळे पुढे येणारे आकडे बहुतांशी तिचे आहेत.

पहिल्या रात्री मी काहीही बदलले नाही. नेहमीसारखा चालत आत गेलो आणि बटण दाबले. झुरळे पळाली, पण एक गोष्ट खटकली. दिवा पूर्ण उजळला त्या क्षणी निम्मीअधिक झुरळे आधीच धावत होती. मग ती उजेडामुळे पळाली, की माझ्या येण्यामुळे? आपण दिवा लावतो तेव्हा खोलीत केवळ उजेड येत नाही. दार उघडते, हवा हलते, पावलांचा कंप जमिनीतून आणि ओट्यातून जातो, हात भिंतीकडे जातो आणि सगळ्यात शेवटी उजेड पडतो. माणसाला यातले शेवटचेच लक्षात राहते, कारण आपल्यालाही दिसू लागते ते त्याच क्षणापासून.

हे धागे वेगळे काढण्यासाठी अंधारात पाहण्याची सोय हवी होती. ती झुरळाच्या डोळ्यातच सापडते. अमेरिकन झुरळाच्या संयुक्त नेत्रात प्रकाश ओळखणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या असतात. एक प्रकार 365 नॅनोमीटरच्या आसपासच्या अतिनील प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो आणि दुसरा 507 नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्या प्रकाशाला. लाल प्रकाशासाठी वेगळी पेशी नाही. त्यामुळे मंद लाल दिव्यात आपल्याला झुरळ दिसते, पण झुरळाच्या लेखी खोली जवळजवळ काळोखीच असते. इथे एक खबरदारी आवश्यक आहे. पांढऱ्या टॉर्चवर लाल कागद गुंडाळला तर त्यातून थोडा हिरवा प्रकाशही निसटतो आणि सगळे निरीक्षण वाया जाते. माझा पहिला प्रयत्न असाच फसला. टॉर्च वळवली की झुरळे मिशा थांबवत होती, त्यावरून चूक लक्षात आली. त्यानंतर मी मुळातच लाल असलेला छोटा एलईडी वापरला, तोही छताकडे वळवून, म्हणजे त्याचा थेट झोत ओट्यावर पडणार नाही. मोबाइल स्टँडवर लावून चित्रण चालू ठेवले आणि एका टेबललॅम्पची वायर शेजारच्या खोलीत नेली, जेणेकरून आत न जाता दिवा लावता यावा.

दुसऱ्या रात्री कोणीही स्वयंपाकघरात गेले नाही. तासभर शांतता ठेवून शेजारच्या खोलीतून दिवा लावला. चित्रण सेकंदाला 30 चौकटींचे होते, म्हणजे एक चौकट सुमारे 33 मिलिसेकंदांची. काही एलईडी दिवे बटण दाबल्यावर किंचित उशिरा पेटतात, त्यामुळे मोजणी बटणाच्या आवाजापासून न करता पहिल्या उजळ चौकटीपासून केली. जे दिसले ते पहिल्या रात्रीपेक्षा बरेच वेगळे होते. उजेड पडताच बहुतेक झुरळे आहेत तिथेच थबकली. त्यांच्या मिशा, ज्या अंधारात सतत वरखाली फिरत होत्या, त्या थांबल्या. त्यानंतर एकेक झुरळ निघाले. काही अर्ध्या सेकंदाच्या आत, काही त्याहून उशिरा, आणि सांडलेल्या थेंबापाशी बसलेली दोन तर चांगली काही सेकंद तिथेच राहून मग चालत, न धावता, भिंतीकडे गेली. अखेर ओटा रिकामा झाला, पण त्याला पांगापांग म्हणता आले नसते. ती शिस्तीत केलेली माघार होती.

तिसऱ्या रात्री उलट केले. टेबललॅम्प बंदच ठेवला, लाल एलईडी चालू होता, आणि बाजूला स्थिर बसून एका नळीतून झुरळांच्या मागच्या बाजूने हलकी फुंकर मारली. फुंकर पोहोचली त्याच्या पुढच्या एक-दोन चौकटींतच ती वळलेली आणि सुटलेली दिसली. हीच ती परिचित पांगापांग. मात्र तिचा शेवट निराळा होता. फुंकरेने सुटलेली झुरळे वीतभर किंवा हातभर पळून मोकळ्या ओट्यावरच थांबत होती, आणि थोड्या वेळाने त्यांच्या मिशा पुन्हा फिरू लागत होत्या. फटीत जाण्याची घाई त्यांना नव्हती.

या दोन रात्री शेजारी ठेवल्या की प्रकरणाचा गाभा समोर येतो. ज्याला आपण एकच कृती समजतो त्या दोन आहेत. सुटण्याचा वेग बहुतांशी हवेच्या धक्क्याने ठरतो, तर कुठे जाऊन थांबायचे हे उजेड आणि स्पर्श ठरवतात.

हवेचा धक्का ओळखणारे अवयव झुरळाच्या पोटाच्या मागच्या टोकाला असतात. तिथे दोन लहान, टोकदार, खंडखंड असलेली शिंगे असतात, त्यांना सर्सी म्हणतात. अमेरिकन झुरळाच्या प्रत्येक सर्सीच्या खालच्या बाजूला सुमारे 200 अतिशय बारीक केस असून ते रांगांमध्ये मांडलेले असतात. प्रत्येक रांग ठरावीक दिशेच्या वाऱ्याला अधिक वाकते, म्हणून वारा कोणत्या बाजूने आला हे केसांच्या वाकण्यातच लिहिलेले असते. हा निरोप मेंदूची वाट पाहत बसत नाही. पोटाच्या शेवटच्या चेतागुच्छातून निघालेले जाड चेतातंतू तो थेट पायांना चालवणाऱ्या चेतागुच्छांपर्यंत नेतात, आणि तंतू जितका जाड तितका संदेश जलद जातो. वाऱ्याचा झोत लागल्यापासून झुरळ वळू लागेपर्यंत सुमारे 40 ते 60 मिलिसेकंद जातात. माझ्या चित्रणातल्या एक-दोन चौकटी याच्याशी जुळतात. ही यंत्रणा विजेच्या दिव्यासाठी घडलेली नाही, हे उघड आहे. झडप घालणाऱ्या बेडकाच्या जिभेपुढे जी हवा ढकलली जाते तिचा सुगावा लागण्यासाठी ती आहे, आणि आपल्या चपलेचे वजन तिला त्याच भाषेत कळते. चप्पल वेगाने मारणाऱ्याचा नेम का चुकतो, याचेही हेच उत्तर आहे: चप्पल पोहोचण्याआधी तिच्यापुढची हवा पोहोचलेली असते.

सुटलेले झुरळ किती वेगाने जाते, याविषयी 1991 साली अमेरिकेतील फुल आणि टू या संशोधकांनी केलेली मोजणी प्रसिद्ध आहे. अमेरिकन झुरळ सेकंदाला दीड मीटरपर्यंत धावले, म्हणजे आपल्या शरीराच्या सुमारे 50 पट अंतर एका सेकंदात, आणि कमाल वेगाला ते सहा पायांऐवजी मागच्या दोन पायांवर धावत होते. दिशेबाबतही एक बारकावा आहे. झुरळ धोक्याच्या अगदी विरुद्ध दिशेलाच पळते असे नाही. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धोक्याच्या दिशेपासून साधारण 90, 120, 150 आणि 180 अंशांवर असे पळण्याचे ठरावीक पर्याय आढळले, आणि त्यांपैकी कोणता निवडला जाईल हे आधी सांगता येत नव्हते. दहा झुरळे एकाच वेळी सुटली की आपल्याला जो गोंधळ दिसतो, त्याचा मोठा भाग या निवडीतून येतो.

आता उजेडाकडे वळू. झुरळाचे डोळे बारकावे पाहण्यात कच्चे आहेत, पण अंधारात त्यांची बरोबरी करणे अवघड आहे. 2014 साली फिनलंडमधील संशोधकांनी अमेरिकन झुरळाला अंधुक उजेडात फिरत्या पट्ट्या दाखवल्या, तेव्हा 0.005 लक्स इतक्या क्षीण प्रकाशातही ते पट्ट्यांच्या हालचालीप्रमाणे वळत होते. त्या पातळीला डोळ्यातील एकेका पेशीला दर दहा सेकंदांत एखादाही प्रकाशकण मिळत नाही. हजारो पेशींचे तुरळक संकेत एकत्र करूनच मेंदूला चित्र मिळते. स्वयंपाकघरातला साधा दिवा ओट्यावर 100 लक्सच्या आसपास उजेड पाडतो. म्हणजे त्या अंधाराला सरावलेल्या डोळ्यावर एका क्षणात वीस हजार पट प्रकाश कोसळतो. दुसऱ्या रात्री दिसलेले थबकणे मला या संदर्भात समजण्यासारखे वाटते, तरी त्या क्षणी झुरळाला काय ‘वाटते’ हे सांगण्याचा मोह टाळलेला बरा.

दोन संयुक्त नेत्रांखेरीज मिशांच्या मुळाशी फिकट ठिपक्यांसारखे दोन साधे नेत्र असतात. त्यांना आकृती दिसत नाही, पण उजेड किती आहे आणि तो वाढला की घटला, हे कळते. इथवरची साधने उजेड झाल्याचे सांगतात. पळण्याची दिशा ठरवायला मात्र कोणत्या बाजूला कमी उजेड आहे हे कळावे लागते, आणि ते काम मुख्यतः संयुक्त नेत्रांचे असते. डोक्याच्या जवळजवळ सगळ्या बाजू व्यापणाऱ्या या डोळ्यांना ओट्याची कड, मिक्सरची सावली, फ्रिजखालचा काळा पट्टा हे सगळे गडद डाग म्हणून दिसते. झुरळाला तो फ्रिज आहे हे कळण्याची गरज नसते.

चौथ्या रात्री हेच तपासले. ओट्याच्या मध्यावर, जिथे एरवी आडोसा नव्हता, तिथे वहीच्या आकाराचा काळा पुठ्ठा चार बाटल्यांच्या बुचांवर ठेवला आणि शेजारच्या खोलीतून दिवा लावला. आसपासची झुरळे नेहमीच्या भिंतीकडे न जाता त्याच्याखाली शिरली. दुसऱ्या दिवशी त्याच जागी, त्याच उंचीवर तेवढ्याच आकाराची पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी ठेवली. तिच्याकडे दुरून कोणीही धावले नाही, पण वाटेत जे झुरळ तिच्या कडेला अडखळले ते मिशांनी चाचपून आत शिरले, काही क्षण थांबले आणि मग बाहेर पडून भिंत गाठली. झुरळे थोडी आणि रात्रीही थोड्या, तेव्हा यावरून टक्केवारी काढणे चुकीचे ठरेल. तरी दोन गोष्टींची कामे वेगळी दिसतात. अंधार दुरून खेचतो आणि स्पर्श जवळ आल्यावर धरून ठेवतो.

स्पर्शाची ही ओढ झुरळांत फार बळकट असते. पाठ आणि पोट दोन्ही एकाच वेळी कशाला तरी टेकले की ते स्थिरावते. धावताना ते एक मिशी भिंतीला घासत ठेवते आणि तिच्या वाकण्यावरून भिंतीपासूनचे अंतर सांभाळते. भिंत वळली की तेही वळते. म्हणूनच पळणारी झुरळे ओट्याच्या मधून फारशी जात नाहीत, कडेकडेने जातात, आणि दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात येऊन पोहोचतात. कोपरा त्यांनी दुरून हेरलेला असतोच असे नाही. कडा धरून धावणारा प्राणी शेवटी कोपऱ्यातच जातो. तिथे फट असली की काम झाले. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत सुमारे 12 मिलिमीटर उंच उभे राहणारे अमेरिकन झुरळ 3 मिलिमीटरच्या फटीतून सेकंदाभरात पार झाले. लहान जर्मन झुरळाला याहूनही अरुंद फट चालते. ‘क्षणात नाहीसे झाले’ असे जे आपण म्हणतो ते वर्णन म्हणून जवळजवळ बरोबर आहे.

अंधाराची ही ओढ अढळ आहे का? याचे उत्तर शंभर वर्षांहून जुने आहे. 1912 साली अमेरिकेतील चार्ल्स हेन्री टर्नर यांनी अर्धा उजेडाचा आणि अर्धा अंधाराचा असा पिंजरा करून, झुरळ अंधाऱ्या भागात शिरले की त्याला सौम्य विजेचा झटका बसेल अशी व्यवस्था केली. काही फेऱ्यांनंतर झुरळे अंधाराच्या सीमेवर येऊन मागे फिरू लागली. उजेडाचा तिटकारा उलटून आवड झाली, असा कोणी अर्थ काढला असता. पण टर्नर यांनी तीच झुरळे वेगळ्या आकाराच्या पिंजऱ्यात ठेवून पाहिली, तेव्हा ती पूर्वीसारखी अंधाराकडे गेली. म्हणजे झुरळे अमुक एक जागा टाळायला शिकली होती. अंधाराकडे जाण्याचा कल जन्मजात असला तरी अनुभव त्यावर काही काळ मात करू शकतो, हे यातून दिसते.

आता त्या रात्रभर जळणाऱ्या दिव्याकडे परत येता येते. झुरळ रात्री बाहेर पडते ते केवळ अंधार झाला म्हणून नाही. त्याच्या मेंदूत, डोळ्यांच्या मागच्या दृष्टिपालींमध्ये, सुमारे 24 तासांचे आवर्तन असलेले घड्याळ असते आणि ते कायम अंधारात किंवा कायम उजेडातही चालत राहते. सतत एकसारखा राहणारा मंद दिवा ही झुरळाच्या दृष्टीने घटना नसतेच. डोळे त्या पातळीला सरावतात आणि घड्याळाची वेळ झाली, भूक-तहान लागली की ते निघते, फक्त सावल्यांच्या कडेने. मोठा दिवा लागतो तो मात्र बदल असतो, आणि ते पळते ते बदलामुळे. सुरुवातीच्या काही मोकळ्या दिवसांचे श्रेय दिव्याला होते की झुरळे नुसतीच ओट्याऐवजी दुसरीकडे जात होती, हे आता सांगता येत नाही. फ्रिजमागे कोणी पाहिले नव्हते, एवढे घरातल्यांनी कबूल केले.

आणखी एक तक्रार होती. मोठे झुरळ पुष्कळदा पळून न जाता ‘अंगावर धावून येते’, असे घरातल्या मुलीचे म्हणणे होते, आणि तिला सगळे हसत होते. चित्रणात ती खरी ठरली. दिवा छताला मध्यभागी, मुलगी दारात उभी. फरशीवर तिची सावली आणि पावलांचा गडद आकार हा त्या झुरळासाठी सर्वात जवळचा काळोख होता. सिंककडची वाट तिच्या आईच्या हालचालीने बंद झाली होती. झुरळाने हल्ला केला नाही, त्याने आसरा शोधला. ती एक पाऊल बाजूला सरकली तेव्हा ते तिला वळसा घालून दाराच्या चौकटीखाली गेले.

या निरीक्षणांचा उपयोग कुटुंबाला वेगळ्याच प्रकारे झाला. दिवा लावून झुरळांमागे धावण्यापेक्षा, कोणीही आत नसताना दिवा लावून त्यांची माघार चित्रित केली तर ती राहतात कुठे हे कळते, कारण अशा वेळी ती सैरावैरा न पळता आपल्या ओळखीच्या कडांनी जातात. बहुतेक वाटा दोन ठिकाणी संपत होत्या: सिंकमागची निघालेली सिमेंटची फट आणि फ्रिजच्या मोटरजवळचा उबदार भाग. दोन्हीकडे मिरपुडीसारखे काळे कण पडलेले होते. ती झुरळांची विष्ठा, आणि तिच्या वासाने इतर झुरळेही तिथेच जमतात. आधी ओट्याच्या मधोमध ठेवलेला चिकट सापळा आठवडाभर जवळजवळ रिकामा राहिला होता. तोच भिंतीला चिकटून, फटीपासून वीतभर अंतरावर ठेवल्यावर दुसऱ्या सकाळी भरलेला मिळाला. जेलचे आमिषही मसुराएवढ्या ठिपक्यांत फटींच्या तोंडाशी लावले, आणि त्या जागांवर फवारा मारू नका असे बजावले, कारण फवाऱ्याच्या वासाने झुरळे आमिष टाळतात.

एक खूण त्यांना लक्षात ठेवायला सांगितली. दिवा लावूनही, फुंकर मारूनही जे झुरळ पळत नाही, अडखळते किंवा उलटे पडून पाय हलवते, ते धीट झालेले नसून बहुधा विषाच्या अमलाखाली असते. याउलट, आमिष लावलेले नसताना भर दुपारी धडधाकट झुरळे उघड्यावर दिसू लागली, तर फटींमध्ये जागा पुरेनाशी झाली आहे असे समजावे. पंधरा दिवसांनी मुलीने पाठवलेल्या चित्रणात सिंकजवळ दोन झुरळे होती. दिवा लागल्यावर एक थबकले आणि कडेने फटीकडे गेले. दुसरे जागचे हलले नाही.